तिसऱ्यांदा तारीख बदलली, ग्राहक चिडल्या आहेत. उत्तर कसं लिहू?

गच्चीवाली (२१ मे, सकाळी ९:४०)

नमस्कार मंडळी. नाशिकला बाबांचा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा छोटा धंदा आहे. बाबा आणि सहा कारागीर, आणि फोन, व्हॉट्सअ‍ॅप, हिशेब माझ्याकडे. काल एका ग्राहकांचा मेसेज आला आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

कॉलेज रोडला राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका आहेत. साधारण ९०० चौरस फुटांची गच्ची, जुना कोबा, वर चायना मोझॅक. उत्तरेच्या कोपऱ्यातून खालच्या खोलीत गळतं. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी १५,००० आगाऊ दिले. तारीख ठरली २८ एप्रिल. तेव्हा दोन कारागीर लग्नाला गावी गेले म्हणून आम्ही ८ मे दिली. ७ तारखेला वळीव झोडपून गेला, गच्ची ओली, म्हणून १९ मे. आणि १८ ला संध्याकाळी मीच फोन करून २७ मे सांगितली. त्यावर त्यांचा हा मेसेज:

"तुम्ही तिसऱ्यांदा तारीख बदललीत. पहिल्या वेळी मी ४० कुंड्या वॉचमनला पैसे देऊन खाली आणवल्या. मग उन्हाने झाडं जाऊ नयेत म्हणून परत वर नेल्या. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. गच्ची कधीही लागेल म्हणून यंदा मी वाळवण घातलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा घरात कुरडया नाहीत. मृगाला पंधरा दिवस उरलेत. तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा."

मी लिहिलेलं उत्तर अजून पाठवलेलं नाही:

"नमस्कार मॅडम, आपणास झालेल्या तसदीबद्दल क्षमस्व. अवकाळी पावसामुळे आमचं सगळं वेळापत्रक कोलमडलं आहे, कृपया समजून घ्यावे. शक्यतो २७ तारखेला काम नक्की सुरू करण्याचा प्रयत्न करू. आपल्याला बिलात १०% सूट देत आहोत. सहकार्याची अपेक्षा."

वाचून मलाच बरं वाटत नाहीये. कुठे चुकतंय ते सांगाल का?

अवखळ (९:५२)

"शक्यतो नक्की प्रयत्न करू" म्हणजे घोड्यावर बसूही आणि नकोही. :)

प्र_सा (१०:०५)

ताई, तुम्ही १५,००० भरून बसला आहात आणि ते तिसऱ्यांदा तारीख बदलतात, ही सरळ सरळ सेवेतली त्रुटी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, आगाऊ रकमेची पावती जपून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही. अजिबात गप्प बसू नका.

अवखळ (१०:०९)

प्रसा, धागाकर्ती दुकानाच्या बाजूने आहे. तुम्ही तिलाच तिच्याविरुद्ध तक्रार करायला सांगताय.

प्र_सा (१०:१४)

अरे हो, घाईत वाचलं. तरी लिहिलेलं काढत नाही, कारण त्या शिक्षिका बाईंनाही असाच सल्ला देणारा कुणीतरी शेजारी असणार. त्यांनी आगाऊ रक्कम परत मागितली तर "सामान आणलंय, मिळणार नाही" असं चुकूनही लिहू नका.

जुनाजाणता (१०:४८)

गच्चीवाली, मी २२ वर्षं घरगुती यंत्रांच्या सर्व्हिस सेंटरवर होतो, त्यातली शेवटची नऊ तक्रारींच्या टेबलावर. एक गोष्ट विचारतो, इथे किंवा मनात उत्तर द्या. १९ तारखेला पाऊस होता का?

नाशिकला माझी बहीण राहते. ती म्हणते १२ पासून कडक ऊन आहे. मग १८ ला तारीख का बदलली?

गच्चीवाली (११:०२)

नव्हता पाऊस. गंगापूर रोडला एका बिल्डरचं मोठं काम चालू आहे, ते लांबलं. बाबांनी सहाही माणसं तिकडेच ठेवली. बिल्डर रोज तीनदा फोन करतो. बाई एकदाही ओरडल्या नव्हत्या, "ठीक आहे, पण नक्की या" म्हणाल्या होत्या दोन्ही वेळा.

लिहिताना आत्ता लक्षात आलं की मी पावसाचं नाव का घेतलं.

जुनाजाणता (११:३१)

हे इतकं सरळ लिहिलंत, म्हणजे उत्तर निम्मं झालं.

बाई त्याच गच्चीत उभ्या राहून ऊन बघतात. त्यांना "अवकाळी पाऊस" लिहाल तर त्यांना कळेल की ७ तारखेचा खरा पाऊस तुम्ही पुन्हा वापरताय. मग आधीची दोन खरी कारणंही खोटी ठरतात. तिसऱ्या वेळी गेलेला असतो तो विश्वास. तारखेचं दुःख त्या मानाने लहान असतं.

दुसरं असं की त्यांचा मेसेज परत वाचा. त्यांनी पैशाचा शब्द एकदाच काढलाय, तोही वॉचमनपुरता. बाकी सगळं कुंड्या आणि कुरडया. तुमच्या उत्तरात यातलं काहीच नाही, "तसदी" या एका शब्दात सगळं गुंडाळलंय. चाळीस कुंड्या दोनदा खाली-वर म्हणजे १६० वेळा जिना. उन्हाळा संपला की वाळवण येत नाही, ते पुढच्या वर्षावर गेलं. हे तुम्ही तुमच्या शब्दांत एकदा म्हणा, म्हणजे त्यांना कळेल की मेसेज कुणीतरी वाचला. आमच्याकडे नवीन पोरांना मी हेच सांगायचो: ग्राहकाच्या पत्रातली अशी एक ओळ शोधा जी दुसऱ्या कुठल्याही ग्राहकाने लिहिली नसती, आणि उत्तराची सुरुवात तिथून करा.

तिसरं: हा मेसेज तुम्ही पाठवायचा नाही. माणसं बाबांनी तिकडे ठेवली, तर फोन बाबांनी करायचा, लेखी नंतर. तुमचा आवाज त्यांनी तीनदा ऐकलाय आणि तिन्ही वेळा वाईट बातमी होती.

सुलेखा (११:५०)

मला सूट हाच मुद्दा बरोबर वाटतो. १० ऐवजी २० टक्के द्या आणि पहिल्याच ओळीत लिहा. लोकांना शेवटी पैसे बोलतात. माझ्या सोफ्याची गादी शिवणाऱ्याने दोन महिने फिरवलं, शेवटी ३,००० कमी केले, मी गप्प बसले. माझा राग तिथेच गेला.

खडूस_काका (१२:०४)

सुलेखाताई, तुमचा राग गेला कारण गादी आली होती. गादी यायच्या आधी ३,००० कमी केले असते तर तुम्ही काय समजला असतात? की आता पुढची तारीखही बुडणार.

सुलेखा (१२:१२)

हे मात्र खरं आहे. गादी समोर आल्यावरच त्याने कमी केले होते. तरी सूट नकोच असं मी म्हणणार नाही.

टिकाव_फावडं (१२:३५)

मी स्थापत्य अभियंता. मूळ प्रश्नावर नंतर येतो, आधी कामाचं बोलू. गच्चीवाली, ८ मेला ओल होती म्हणून काम थांबवलंत म्हणता. सिमेंटवाला पॉलिमर लेप लावत असाल तर पृष्ठभाग उलट ओलावूनच घ्यावा लागतो. मग ओल हे कारण कसं? ग्राहकाने हे कुठे वाचलं तर तुमची पंचाईत होईल.

गच्चीवाली (१२:४४)

आम्ही पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप लावणार आहोत. खाली ओल राहिली तर फोड येतात आणि पहिल्या पावसात पापुद्रे सुटतात. बाबा ओल तपासायला साधी युक्ती करतात. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने गच्चीला घट्ट चिकटवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले तर गच्ची अजून पाणी सोडतेय. ९ मेच्या सकाळी तुकडा दवबिंदूंनी भरलेला होता.

टिकाव_फावडं (१२:५८)

पीयू असेल तर तुमचं बरोबर, माझा आक्षेप मागे. पण मग त्या ९ मेच्या प्लास्टिकचा फोटो बाईंना पाठवला होतात का?

गच्चीवाली (१:०१)

नाही. फक्त "गच्ची ओली आहे" सांगितलं.

जुनाजाणता (१:२०)

बघा, टिकावरावांनी नेमकं बोट ठेवलं. तुमच्याकडे खरं कारण होतं आणि ते त्यांना दिसलं नाही. आता ती युक्ती त्यांच्याच हातात द्या. पुढच्या वेळी पाऊस आला तर त्यांनीच प्लास्टिक चिकटवावं आणि त्यांनीच सांगावं, आज लेप लावायचा की नाही. ज्या माणसाची तारीख तीनदा दुसऱ्याने ठरवली, त्याच्या हातात निदान एक गोष्ट यायला हवी.

टिकाव_फावडं (१:४१)

आता मूळ प्रश्नावर. मला वाटतं २७ ही तारीखच चुकीची आहे. हिशेब मांडून बघा. पहिल्या दिवशी धुणं, भेगा खोबणीसारख्या कापून भरणं. दुसऱ्या दिवशी पॅरापेटच्या कडेने वाटा, म्हणजे कोपऱ्यातली मसाल्याची गोलाई. मग मसाला वाळायला निदान दोन दिवस. पाचव्या दिवशी प्रायमर, सहाव्या आणि सातव्या दिवशी लेपाचे दोन हात. पुढे तो पक्का व्हायला तीन दिवस, आणि मग ४८ तास पाणी साठवून चाचणी.

२७ ला सुरू केलंत तर दुसरा हात २ जूनला, पाणी साठवणार ६ जूनला, चाचणी संपणार ८ च्या सकाळी. मृग ७ ला निघतो. मध्ये एक सर आली की चौथ्यांदा तारीख. मग कितीही गोड उत्तर लिहा, उपयोग नाही.

गच्चीवाली (१:५५)

मी "पाच-सहा दिवसांचं काम" एवढंच धरलं होतं, वाळण्याचे दिवस मोजलेच नाहीत. पण बिल्डरचं काम २६ ला संपतंय, त्याआधी माणसं नाहीत.

टिकाव_फावडं (२:१०)

सहाही माणसं लागतात का? भेगा आणि वाट्याला दोन पुरतात. दोन माणसं २३ ला पाठवा. २३ ला धुणं आणि भेगा, २४ ला वाटा, २५-२६ वाळणं. २७ ला बाकीचे चौघे तसेही मोकळे होतायत, प्रायमर त्या दिवशी. २८-२९ लेप. २ जूनला पाणी साठवा, ४ ला चाचणी संपली. मृगापर्यंत तीन दिवस हातात राहतात. २७ तारीख तुमच्याही वेळापत्रकात तीच राहते, फक्त तोवर अर्धं काम झालेलं असतं.

अवखळ (२:१४)

टिकावरावांना धंद्यात भागीदार करून घ्या ताई.

शेवंता_सांगली (३:०५)

मी एका दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं रिसेप्शनला आहे. वेगळा धंदा, पण अनुभव तोच. आमच्याकडे डॉक्टरांना अचानक शस्त्रक्रियेला जावं लागलं की मला आठ-दहा जणांना फोन करून वेळ बदलावी लागते. आधी मी कुणाला बदलायचे? जे "बरं, चालेल" म्हणतात त्यांना. जे भांडतात त्यांना हात लावायचे नाही. सहा महिन्यांनी रजिस्टर चाळलं तर त्याच चार-पाच गोड माणसांची वेळ पुन्हा पुन्हा सरकलेली. एक आजी तर तीनदा. चौथ्यांदा आल्या तेव्हा काहीच बोलल्या नाहीत, फक्त मुलाला म्हणाल्या, "पुढच्या वेळी दुसरीकडे जाऊ."

तुमच्या बाईंचंही तेच झालंय. बिल्डर तीनदा फोन करतो म्हणून सहा माणसं त्याच्याकडे. बाई शांत होत्या म्हणून त्यांच्या तारखेवर बोळा फिरला. त्यांच्या मेसेजमधला राग आज दिसला, पण तो २८ एप्रिलपासून साठतोय.

तेव्हापासून मी एकदा सरकलेल्या नावापुढे लाल ठिपका देते. लाल ठिपक्याला पुन्हा हलवायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं तरी मी आधी दुसरं नाव शोधते. तुमच्याही वहीत असा ठिपका असता तर १८ तारखेला बाबांनी दुसऱ्या कुणाला फोन लावला असता.

गच्चीवाली (३:२२)

शेवंताताई, हे वाचून मला रडू आलं. तुम्ही म्हणता तसंच झालं. वहीत आजच ठिपके काढायला बसते.

कोकणकडा (३:४०)

माझं मत थोडं वेगळं. एवढं सगळं कबूल करायची गरज नाही. "बिल्डरकडे माणसं ठेवली" असं लिहून दिलंत की उद्या त्या तेच दाखवतील, प्रसांनी सांगितलेल्या आयोगात. "अंतर्गत अडचणीमुळे" एवढं पुरे. धंदा करताना हातचं राखून बोलावं.

प्र_सा (३:५८)

कोकणकडा, तीन वेळा तारीख बदलल्याचे मेसेज त्यांच्या फोनमध्ये आहेतच, त्याला वेगळा पुरावा लागत नाही. कारण खरं सांगितलं म्हणून कुणाची जबाबदारी वाढत नाही. तक्रार जाते ती पैसे अडकले किंवा काम झालं नाही म्हणून.

कोकणकडा (४:०६)

असेल. मी तरी बिल्डरचं नाव लिहिणार नाही.

जुनाजाणता (४:३०)

बिल्डरचं नाव लिहायचं नाही हे बरोबरच, ती त्याची बाब. "दुसरीकडचं काम लांबलं, मी माणसं तिकडे ठेवली" एवढं पुरतं. "अंतर्गत अडचण" मात्र नको. ते वाचणाऱ्याला दार तोंडावर लावल्यासारखं वाटतं.

आता फोनचं सांगतो. बाबांनी आज संध्याकाळी सहाच्या सुमारास करावा. दुपारी नको, निवृत्त माणसं आडवी झालेली असतात. पहिलं वाक्य: "बाई, तुमची तारीख मी तीनदा बदलली, यावेळची चूक माझी आहे." मग थांबायचं. त्या बोलतील, मिनिट दोन मिनिटं, कदाचित जास्त. मध्ये "पण" आला की खेळ संपला. "तुमचं बरोबर आहे, पण" यातलं "बरोबर" कुणालाच ऐकू येत नाही. "समजून घ्या" हेही म्हणायचं नाही, कारण दोनदा समजून घेतलंय त्यांनी.

त्या थांबल्या की मग टिकावरावांचं वेळापत्रक सांगायचं, तारीखवार. आणि सोबत दुसरा पर्याय: नको असेल तर १५,००० पूर्ण परत, कधी आणि कसे ते ठरवून. दोन्ही खरंच द्यायची तयारी असेल तरच बोलायचं. सूट फोनवर अजिबात काढायची नाही. त्यांनी विचारलं तर बोलू म्हणा.

फोन झाल्यावर तासाभरात तेच लिहून पाठवायचं. रागावलेल्या माणसाला फोनवर ऐकलेलं अर्धंच आठवतं, आणि घरातल्या इतरांना दाखवायला त्यांच्याकडे काहीतरी हवं.

खडूस_काका (४:४५)

अजून एक. सामान आदल्या दिवशी त्यांच्या पार्किंगमध्ये नेऊन ठेवा. डबे दिसले की माणूस येणार याची खात्री पटते. माझ्या घराच्या रंगकामाच्या वेळी मी डबे बघूनच झोपलो होतो.

टिकाव_फावडं (४:५२)

ठेवा, सावलीत. पीयूचे डबे उन्हात ठेवू नका. आणि ठेवल्यावर आला नाहीत तर मात्र ते डबे रोज त्यांना तुमची आठवण करून देतील, हे लक्षात असू द्या.

गच्चीवाली (रात्री ९:१५)

बाबांशी बोलले. आधी चिडले, "बिल्डरला काय सांगू" म्हणाले. मग शेवंताताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते. त्यांनीच बिल्डरला फोन केला आणि दोन माणसं २३ पासून काढून घेतली. बिल्डर दोन मिनिटं बडबडला आणि तयार झाला!

सहा वाजता बाईंना फोन केला. अकरा मिनिटं चालला, त्यातली सात-आठ मिनिटं बाई बोलत होत्या. बाबांनी दोनदा "पण" म्हणायला तोंड उघडलं, मी समोर बसून हात वर केला. बाई शेवटी म्हणाल्या, "पहिल्यांदाच कुणीतरी खरं कारण सांगितलं. लिहून पाठवा, मग सांगते."

हा मेसेज बाबांच्या फोनवरून गेला:

"नमस्कार बाई. फोनवर बोललो ते लिहून पाठवतो. तुमची तारीख आम्ही तीन वेळा बदलली. तिसऱ्या वेळी पाऊस नव्हता. दुसरीकडचं काम लांबलं आणि मी माणसं तिकडेच ठेवली, ही माझी चूक. तुम्ही दोनदा कुंड्या खाली-वर केल्यात आणि यंदाचं वाळवण राहिलं. ते मला परत आणून देता येणार नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही हो म्हणालात तर शुक्रवारी २३ ला सकाळी आठ वाजता दोन कारागीर येतील. कुंड्या तेच उतरवतील आणि काम झाल्यावर तेच वर नेतील. २३ आणि २४ ला भेगा आणि कडा, दोन दिवस वाळू देऊ. २७ पासून सगळी माणसं, २९ ला लेप पूर्ण, २ जूनला पाणी साठवून ४ ला तुमच्यासमोर सोडू. सामान २२ ला संध्याकाळी पोचेल.

मध्ये पाऊस आला तर लेप पुढे जाईल, ते माझ्या हातात नाही. तेव्हा गच्ची सुकली की नाही ते बघायची पद्धत मुलगी तुम्हाला दाखवेल, तुम्ही स्वतः बघून ठरवा. गळणाऱ्या कोपऱ्यावर आम्ही २४ लाच ताडपत्री बांधून ठेवू. मृगाआधी लेप झालाच नाही तर तो ऑक्टोबरमध्ये करू आणि लेपाचे पैसे तोवर घेणार नाही.

आता आमच्याकडून काम नको असेल तर तुमचे १५,००० उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्या खात्यावर परत करतो, काहीही न कापता. जे ठरवाल ते मला मान्य आहे."

सुलेखा (९:३०)

सूट वगळलीत का शेवटी?

गच्चीवाली (९:३४)

हो. बाबा म्हणाले काम झाल्यावर बिलात वॉचमनचे पैसे वजा करू, न सांगता.

सुलेखा (९:३८)

सांगून करा हो. न सांगता केलेलं कळत नाही.

खडूस_काका (९:४१)

न सांगताच करा. बिल बघणारी शिक्षिका आहे, तिला कळेल.

अवखळ (९:४४)

आणि वाळवणाचं? माझ्या आईच्या कुरडया आहेत, पाव डबा पाठवू का नाशिकला?

शेवंता_सांगली (१०:०२)

नको रे, आत्ता नको. कुरडयांसाठी त्या रागावलेल्या नाहीत, स्वतःच्या हाताने घालायच्या राहिल्या म्हणून आहेत. काम नीट झाल्यावर गच्चीवाली एक वाक्य बोलली तरी पुष्कळ.

गच्चीवाली (२२ मे, सकाळी ८:२०)

बाईंचं उत्तर आलं. "शुक्रवारी आठ. सव्वाआठ झाले तर मी दार उघडणार नाही. पैसे राहू द्या."

टिकाव_फावडं (८:३१)

पावणेआठला पाठवा.

गच्चीवाली (२३ मे, सकाळी ११:१०)

साडेसातला पोचले होते. खाली उभे राहिले आणि आठला बेल वाजवली. कुंड्या उतरवल्या, एकही फुटली नाही. बाईंनी चहा दिला पण बोलल्या फारसं नाही. उत्तरेच्या कोपऱ्यात चायना मोझॅकखाली अंगठ्याएवढी भेग निघाली, बाबांनी त्यांना वर बोलावून दाखवली. त्या बराच वेळ वाकून बघत होत्या.

कोकणकडा (११:२५)

माझं मत अजून तेच आहे, लेखी एवढं द्यायला नको होतं. पण काम सुरू झालं हे बरं झालं.

गच्चीवाली (२६ मे, रात्री ८:५०)

आज चार वाजता पंधरा मिनिटं सर आली. माझ्या पोटात गोळा. बाईंना फोन करायला फोन हातात घेतला तर त्यांचाच मेसेज: "प्लास्टिक संध्याकाळी सहाला लावलंय. चारही बाजूंनी टेप. सकाळी सात वाजता फोटो पाठवते. थेंब असले तर प्रायमर २८ ला करा, मी कुंड्यांना खालीच पाणी घालते."

शेवंता_सांगली (९:०४)

आता त्यांची तारीख त्याच ठरवतायत.

जुनाजाणता (९:१२)

सकाळी फोटो आला की आधी उत्तर द्या. थेंब असोत नसोत, सव्वासातच्या आत.

गच्चीवाली (२७ मे, सकाळी ७:०९)

फोटो आला. मधोमध कोरडं आहे, पण उत्तरेच्या कडेला बारीक दव. बाबांनी त्यांना फोन करून सांगितलं की दक्षिणेचा अर्धा भाग आज करतो, उत्तरेचा उद्या. बाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. त्या बाजूला मी अजून एक तुकडा लावून ठेवते."